विमानतळावरचे ई-गेट आपला चेहरा नेमका कशाशी ताडून पाहते?

मेघना_लेस्टर

नमस्कार मंडळी. आम्ही उभयता बरीच वर्षे लेस्टरला राहतो आणि दोघांकडेही ब्रिटिश पासपोर्ट आहेत. भारतातून परत येताना विमानतळावरच्या ई-गेटमधून यजमान सहज पुढे जातात, आणि मला मात्र बहुतेक वेळा लाल खूण दिसून अधिकाऱ्याच्या रांगेत जावे लागते. अधिकारी पासपोर्ट पाहतात, माझ्याकडे पाहतात आणि अर्ध्या मिनिटात सोडतात. त्यामुळे कागदपत्रांत काही खोट असेल असे वाटत नाही.

मला तक्रार करायची नाही, समजून घ्यायचे आहे. हे यंत्र माझा चेहरा पासपोर्टच्या पानावर छापलेल्या फोटोशी ताडून पाहते, चिपमधल्या फोटोशी, की सरकारकडे असलेल्या एखाद्या जुन्या नोंदीशी? आणि ते नकार देते तेव्हा नेमके काय बिनसलेले असते? या क्षेत्रात काम केलेल्यांनी किंवा असाच अनुभव घेतलेल्यांनी कृपया लिहावे.

विद्याधर_पुणे

मेघनाताई, पुण्याच्या विमानतळावर मी नेहमी चेहरा दाखवूनच आत जातो आणि मला कधी अडचण आली नाही. फोनवरच्या अॅपमध्ये आधारचा फोटो घेतला जातो आणि बोर्डिंग पास जोडला की काम झाले. तुम्ही अॅपमधला फोटो नव्याने घेऊन पाहिलात का?

कोकणचा_समीर

विद्याधर, तुम्ही म्हणता ती डिजियात्रा. ती देशांतर्गत प्रवासासाठी आहे आणि तिचा पासपोर्टशी संबंध नाही. ताईंचा प्रश्न इमिग्रेशनच्या गेटचा आहे.

ताई, चिपमध्ये फोटो असा नसतोच. तुमच्या चेहऱ्याची मापे, म्हणजे डोळ्यांमधले अंतर, नाकाची लांबी, जबड्याची रुंदी, अशा आकड्यांची एक यादी चिपमध्ये भरलेली असते. गेटवरचा कॅमेरा तीच मापे पुन्हा घेतो आणि दोन्ही याद्या जुळवतो. वजन कमीजास्त झाले की जबड्याचे माप बदलते आणि गेट नकार देते. पासपोर्ट खोटा नाही याची खात्री मात्र चिपवरच्या सरकारी सहीमुळे होते, त्यामुळे त्या बाजूने चिंता नसावी.

सीमारेषा

मी नेदरलँड्समध्ये अशा गेटांची जुळणी आणि चाचणी करण्याच्या कामात काही वर्षे होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

समीर यांचे सहीबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, मापांबद्दलचे बरोबर नाही. चिपमध्ये खरोखरच फोटो असतो, म्हणजे आपल्या फोनमध्ये असते तशी जेपेग किंवा जेपेग 2000 प्रकारची एक फाइल, साधारण 15 ते 20 किलोबाइटची. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा 9303 क्रमांकाचा दस्तऐवज सगळ्या देशांच्या पासपोर्टांसाठी हेच ठरवून देतो. आकड्यांऐवजी चित्र ठेवण्याचे कारण व्यवहारी आहे. चेहऱ्यावरून आकडे काढण्याची प्रत्येक उत्पादकाची रीत वेगळी असते आणि एकाचे आकडे दुसऱ्याच्या यंत्राला कळत नाहीत. चित्र ठेवले की लिस्बनचे गेट असो वा ब्रिस्बेनचे, ते आपल्या पद्धतीने त्यातून आकडे काढू शकते, आणि दहा वर्षांत पद्धत सुधारली तरी पासपोर्ट बदलावा लागत नाही.

आता गेटवर काय घडते ते क्रमाने पाहू, कारण मेघनाताईंच्या प्रश्नाचे उत्तर त्या क्रमातच आहे. पासपोर्ट काचेवर ठेवला की यंत्र प्रथम फोटोच्या पानावरच्या तळाच्या दोन ओळी वाचते. त्यातला पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख यांपासून एक किल्ली तयार होते आणि त्या किल्लीनेच चिप उघडते. पान उघडून न दाखवता कोणी शेजारून चिप वाचू नये, हा त्यामागचा हेतू आहे. मग यंत्र चिपमधला मजकूर आणि चित्र वाचून घेते, आणि ज्या देशाने पासपोर्ट दिला त्याची डिजिटल सही तपासते. चित्रातला एक ठिपका जरी कोणी बदलला तरी त्याचा गणिती ठसा सहीतल्या ठशाशी जुळत नाही आणि तिथेच काम थांबते. नाव आणि क्रमांक निषेधयादीत नाहीत ना, हेही तपासले जाते. चेहऱ्याचा भाग यानंतरचा.

म्हणून ताईंना माझा पहिला प्रश्न असा की गेट नेमके कोणत्या क्षणी थांबते? पासपोर्ट ठेवल्यावर लगेच लाल खूण येते, की पडद्याकडे पाहून बराच वेळ उभे राहिल्यावर येते?

अश्विनी_न्यूजर्सी

चष्मा काढता का? माझ्या सासूबाईंना चष्मा काढल्यावर लगेच सोडले होते.

मेघना_लेस्टर

सीमारेषा, आपले मनापासून आभार. पासपोर्ट वाचला जातो, मग पडद्यावर समोर पाहण्याची सूचना येते, कॅमेरा खालीवर होतो, आणि बऱ्याच वेळाने लाल खूण येते. अश्विनी, मी चष्मा वापरत नाही. माझ्या शंकेपैकी अर्धी अजून बाकी आहे. छापील फोटोचा यात काहीच भाग नाही का?

सीमारेषा

म्हणजे चिप उघडते, सही पटते, यादीतही काही अडत नाही. तुमचे गाडे चेहऱ्याच्या तुलनेवरच अडते. हे कळणे महत्त्वाचे, कारण चिप खराब असणाऱ्यांना कॅमेऱ्यापर्यंत पोहोचताच येत नाही.

छापील फोटोबद्दल सांगायचे तर चेहऱ्याची मुख्य तुलना चिपमधल्या चित्राशी होते, कारण सहीचे संरक्षण फक्त त्याला आहे. पान मात्र वेगवेगळ्या प्रकाशात, म्हणजे साध्या, अवरक्त आणि अतिनील प्रकाशात पाहिले जाते आणि छापलेल्या ओळी चिपमधल्या मजकुराशी जुळतात का हे तपासले जाते.

आता तुलना. तुम्ही उभ्या असताना कॅमेरा एकच फोटो काढत नाही, तो ओळीने अनेक चित्रे घेतो आणि त्यातली डोळे उघडे, मान सरळ आणि उजेड बरा असलेली निवडतो. त्यातला चेहरा आणि चिपमधला चेहरा दोन्ही डोळ्यांच्या जागेवरून सरळ करून सारख्या आकाराचे केले जातात. मग प्रशिक्षित न्यूरल नेटवर्क प्रत्येकाचे काहीशे आकड्यांच्या रांगेत रूपांतर करते. समीर यांच्या मनात जी मापे आहेत तसे पूर्वीच्या काही पद्धतींत खरोखर होते. आजच्या आकड्यांना मात्र 'हा नाकाचा, हा जबड्याचा' असा अर्थ लावता येत नाही. दोन रांगांमधल्या जवळिकीवरून एक स्कोअर निघतो, आणि तो ठरवलेल्या किमान मर्यादेच्या वर गेला की दार उघडते. आलेल्या चित्रांपैकी एकाने जरी मर्यादा ओलांडली तरी पुरते. वेळ संपेपर्यंत एकानेही ओलांडली नाही तर लाल खूण येते. तुम्हाला लागणारा 'बराच वेळ' म्हणजे यंत्र पुन्हापुन्हा प्रयत्न करत असते.

'ही मेघना नाही' असे गेट ठरवत नाही. 'पुरेसा स्कोअर मिळाला नाही' इतकेच ते सांगते.

रा_ग_देशमुख

ही मर्यादा कोण ठरवते आणि कोणत्या आधारावर? माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आणि चेहऱ्याची एक बाजू थोडी खाली उतरली आहे. परदेशात बहिणीकडे जाताना गेटने त्यांना नाकारले. दुभाषा मिळेपर्यंत ते गोंधळून उभे राहिले. काउंटरवरच्या बाईंनी मात्र एका दृष्टिक्षेपात ओळखले. माझे स्पष्ट मत आहे की चेहरा ओळखणे हे माणसाचे काम आहे आणि ते माणसाकडेच राहावे.

सीमारेषा

देशमुख साहेब, आपल्या वडिलांना झालेला त्रास खरा आहे आणि अशा वेळी गेटजवळ मदतीला माणूस असलाच पाहिजे. आजारपणाने चेहऱ्याची समरूपता बिघडते तेव्हा स्कोअर उतरतो, यात शंका नाही.

मर्यादा कोण ठरवते, तर सीमेची जबाबदारी असलेली यंत्रणा. युरोपीय संघाच्या सीमारक्षक संस्थेने, फ्रंटेक्सने, दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत असे म्हटले आहे की चुकीच्या माणसाला स्वीकारण्याचे प्रमाण हजारात एक इतके ठेवावे आणि त्या पातळीवर खऱ्या माणसाला नाकारण्याचे प्रमाण शंभरात पाचांपेक्षा जास्त नसावे. एक हिशेब करून पाहा. दिवसाला दहा हजार प्रामाणिक प्रवासी आले आणि यंत्र या सूचनेच्या अगदी काठावर चालत असेल, तर पाचशे जण विनाकारण काउंटरवर जातील. आजची चांगली यंत्रे यापेक्षा बरीच सरस आहेत, पण तत्त्व तेच राहते. चाळणीची जाळी बारीक केली तर खोटा अडतो, पण त्याच्याबरोबर खरेही जास्त अडतात. नाकारलेल्या खऱ्या माणसासाठी काउंटरचा रस्ता आहे, स्वीकारलेल्या खोट्या माणसाला मात्र पुढे कोणी थांबवत नाही, म्हणून मर्यादा कडक बाजूला ठेवतात.

माणसाबद्दलचा आपला विश्वास मला समजतो. परंतु अनोळखी चेहरा फोटोशी ताडून पाहण्यात माणूस वाटतो तितका चांगला नाही. ऑस्ट्रेलियात पासपोर्ट कार्यालयातल्या प्रशिक्षित अधिकाऱ्यांवर एक अभ्यास झाला, तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. समोर उभी व्यक्ती आणि फोटोतली व्यक्ती वेगळी असतानाही सुमारे 14 टक्के वेळा त्यांनी ती एकच असल्याचे मानले. नोकरीतल्या अनुभवाच्या वर्षांनीही फारसा फरक पडला नव्हता.

रा_ग_देशमुख

अभ्यास मी नाकारत नाही. पण त्या अधिकाऱ्यांसमोर फक्त चेहरा होता. काउंटरवरचा माणूस प्रश्न विचारतो, उत्तर ऐकतो, शिक्के पाहतो. ती तुलना केवळ चेहऱ्याची नसते. या मुद्द्यावर मी आपल्याशी सहमत नाही.

जुळ्यांची_आई_सिडनी

मला जुळ्या मुली आहेत, दोघी आता मोठ्या झाल्या आहेत आणि आम्हालाही कधीकधी फोटोत कोण कोणती ते सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियात स्मार्टगेट 2007 पासून आहे आणि त्या दोघी त्यातून बिनदिक्कत जातात. एकदा घाईत एकमेकींचे पासपोर्ट हातात आले होते, पण ते गेटवर पोहोचण्याआधीच लक्षात आले. तेव्हापासून मनात आहे की यंत्राने ते ओळखले असते का?

सीमारेषा

बहुधा नाही. एकसारख्या जुळ्यांना केवळ चेहऱ्यावरून वेगळे करणे आजच्या चांगल्या यंत्रांनाही जमत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या, म्हणजे निस्टच्या, अहवालांतही हे नमूद आहे. बोटांचे ठसे किंवा बुबुळ घेतले तर फरक कळतो. युरोपीय संघातल्या बहुतेक देशांच्या पासपोर्टांच्या चिपमध्ये ठसेही असतात. ब्रिटिश पासपोर्टमध्ये नसतात.

यातून दुसरीही गोष्ट कळते. 'हजारात एक' हा आकडा रस्त्यातला कोणीही माणूस दुसऱ्याचा पासपोर्ट घेऊन आला तर काय होईल त्याचा आहे. जो मुद्दाम आपल्यासारखा दिसणाऱ्याचा, आपल्याच वयाचा आणि आपल्याच प्रांतातल्या माणसाचा पासपोर्ट मिळवतो, त्याची शक्यता त्याहून बरीच जास्त असते.

कोकणचा_समीर

चित्राबद्दलची दुरुस्ती मान्य, माहितीबद्दल धन्यवाद. पण एक मुद्दा आहे. मी वाचले आहे की ही यंत्रे गोऱ्या लोकांच्या फोटोंवर शिकवलेली असतात आणि सावळ्या चेहऱ्यांना नाकारतात. ताईंच्या बाबतीत हेच कारण असणार, दुसरे शोधत बसण्यात अर्थ नाही.

सीमारेषा

हा मुद्दा गंभीर आहे, म्हणून तो नीट मांडायला हवा. निस्टने डिसेंबर 2019 मध्ये याच विषयावर मोठा अहवाल दिला. त्यात सर्वांत ठळक फरक दिसला तो चुकीच्या स्वीकाराचा. म्हणजे काही अल्गोरिदम पूर्व आशिया आणि पश्चिम व पूर्व आफ्रिकेतल्या दोन वेगळ्या माणसांना एकच समजण्याची चूक पूर्व युरोपीय चेहऱ्यांच्या तुलनेत दहापट ते शंभरपट करत होते. दक्षिण आशियाई चेहऱ्यांतही हे प्रमाण वाढलेले होते, आणि स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा जास्त होते. चुकीच्या नकारातला फरक त्या मानाने लहान होता आणि तो चित्राच्या दर्जावर बराच अवलंबून होता. सगळे अल्गोरिदम सारखेही नव्हते. काहींमध्ये फरक फारच कमी होता.

ताईंना होणारा त्रास चुकीच्या नकाराचा आहे. वर्णाचा त्यात संबंध असू शकतो, पण तो अधिक करून कॅमेऱ्याच्या बाजूने. पाठीमागे काचेची मोठी भिंत आणि तिच्यातून ऊन येत असेल तर कॅमेरा उजळ पार्श्वभूमीशी जुळवून घेतो आणि सावळा चेहरा काळवंडतो. हे ओळखण्याची साधी खूण अशी की दिवसा नकार आणि रात्री होकार, किंवा खिडकीजवळच्या गेटवर नकार आणि आतल्या गेटवर होकार. सगळीकडे आणि सगळ्या वेळी नकार येत असेल तर संशय चिपमधल्या चित्रावर घ्यावा, कारण तेवढेच सर्वत्र सारखे असते. आणि समीर, एकाच घरातल्या, एकाच वर्णाच्या यजमानांना तेच गेट सहज सोडते, हे ताईंनी पहिल्याच प्रतिसादात लिहिले आहे. तुमच्या निष्कर्षाआधी तेही लक्षात घ्यायला हवे.

छायाचित्रकार_कोल्हापूर

सीमारेषा सरांनी चिपमधल्या चित्राचा विषय काढला म्हणून लिहितो. माझा कोल्हापुरात फोटो स्टुडिओ आहे. परदेशातल्या नातेवाइकांकडे गेलेली मंडळी, व्हिसावाले, लहान मुलांचे पालक असे सगळे आमच्याकडे येतात. फोटो काढल्यावर दहापैकी निम्मे तरी सांगतात की डोळ्यांखालची वर्तुळे काढा, डाग काढा, रंग जरा उजळ करा. पूर्वी मी थोडेफार करून देत असे, कारण गिऱ्हाईक समाधानी राहते. आता पासपोर्ट आणि व्हिसाच्या फोटोला हात लावत नाही. नव्या फोनचे तर विचारूच नका. आपण काही सांगितले नाही तरी कॅमेराच त्वचा गुळगुळीत करून देतो.

दुसरे म्हणजे अंतर. हात लांब करून स्वतःच काढलेल्या फोटोत नाक मोठे येते, गाल मागे जातात आणि कान जवळजवळ दिसेनासे होतात. फुटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक 30 टक्के जास्त रुंद दिसू शकते. पाच फुटांवरून काढले की हा दोष राहत नाही. ताई, तुमचा फोटो कोणी आणि कुठून काढला होता?

मेघना_लेस्टर

दादा, तुमच्या प्रश्नाने मी थबकले. ब्रिटनमध्ये पासपोर्टच्या ऑनलाइन अर्जाला फोटो अपलोड करता येतो. यजमानांनी दुकानातल्या फोटो बूथमध्ये काढला होता. माझा मी घरी, खिडकीजवळ उभी राहून, फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढला होता. संकेतस्थळाने तो लगेच स्वीकारला, म्हणून तो योग्यच आहे असे धरून चालले होते. मी सोबतच्या पानावरचा छापील फोटो पाहिला, तर तो इतका लहान आहे की त्यात काही कळत नाही.

सीमारेषा

छापील फोटोवरून अंदाज बांधू नका, चिपमधलाच पाहा. ज्या फोनमध्ये एनएफसी आहे त्यावर पासपोर्टची चिप वाचणारी अॅप्स मिळतात. तीच तीन माहिती द्यावी लागते, म्हणजे क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत, आणि फोन पासपोर्टवर स्थिर धरला की काही सेकंदांत चित्र पडद्यावर येते. फक्त विश्वासातले, माहिती फोनबाहेर न पाठवणारे अॅप निवडा आणि काम झाल्यावर ते काढून टाका.

चित्र दिसल्यावर चार गोष्टी पाहा. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना उजेड सारखा आहे का, डोळ्यांच्या बाहुल्या स्पष्ट आहेत का, कान आणि जबड्याची कड दिसते का, आणि मोठे करून पाहिल्यावर त्वचेचा पोत आहे की मेणासारखा सपाटपणा आहे. दोन डोळ्यांमध्ये साधारण 90 पिक्सेल तरी असावेत अशी अपेक्षा असते, त्यामुळे खूप तपशील दिसणार नाही, पण इतके कळते.

संकेतस्थळाने स्वीकारले याचा अर्थ पार्श्वभूमी, डोके, डोळे, तोंड ठरल्याप्रमाणे आहेत, एवढाच. पाच वर्षांनंतर दुसऱ्या प्रकाशात तुमच्याशी ते किती जुळेल, हे तिथे तपासले जात नाही.

नागपूरकर_संजय

विषयाला धरूनच एक विचारतो. आमच्या नागपूरच्या कार्यालयातून 2024 पासूनच चिप असलेले पासपोर्ट द्यायला सुरुवात झाली आणि मला नुकताच मिळाला, मुखपृष्ठावर सोनेरी चिन्ह आहे. आता मला ब्रिटनच्या गेटमधून जाता येईल का? आणि मुंबईला जे जलद इमिग्रेशनचे गेट आहे तेही चिपच वाचते का?

सीमारेषा

चिप असणे आणि गेट वापरण्याची परवानगी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनने मे 2019 मध्ये अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, सिंगापूर आणि दक्षिण कोरियाच्या नागरिकांना ही गेटे खुली केली. भारत त्या यादीत नव्हता. प्रवासाआधी तिथल्या सरकारचे संकेतस्थळ पाहा.

मुंबईचे गेट वेगळ्या तत्त्वावर चालते. जून 2024 मध्ये दिल्लीला आणि जानेवारी 2025 मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर ही योजना आली. तिच्यात भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक आधी अर्ज करतात, बोटांचे ठसे आणि चेहरा प्रत्यक्ष देतात, आणि मग गेटवर त्या नोंदीशी ताडणी होते. म्हणून चिप नसलेला जुना पासपोर्टही तिथे चालतो. तिथली नोंद अधिकाऱ्यांसमोर घेतलेली असते, हा तिचा मोठा फायदा.

छायाचित्रकार_कोल्हापूर

सर, 'अधिकाऱ्यांसमोर घेतलेली' यावर तुम्ही भर का दिलात? आमच्यासारख्यांनी काढलेल्या फोटोत सरकारला कसली भीती आहे?

सीमारेषा

तुमच्यासारख्यांची नाही, दोन चेहरे मिसळणाऱ्यांची. 2014 मध्ये बोलोन्या विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले की दोन माणसांचे चेहरे संगणकावर निम्मेनिम्मे मिसळून एक फोटो केला, तर तो दोघांशीही मर्यादेच्या वर जुळू शकतो. पहिला माणूस तो फोटो देऊन स्वतःच्या नावाने रीतसर पासपोर्ट काढतो आणि दुसरा माणूस त्याच पासपोर्टवर गेटमधून जातो. इथे चिपमध्ये काहीच बदललेले नसते. सही खरी असते, कारण सरकारनेच त्या मिसळलेल्या चित्रावर सही केलेली असते. मी वर सहीचे जे कौतुक केले त्याची हद्द इथे संपते. ती चित्र बदलले नाही एवढे सांगते, मुळात चित्र कोणाचे होते हे सांगत नाही.

2018 मध्ये जर्मनीतल्या एका कलाकार-कार्यकर्त्यांच्या गटाने आपल्यातल्या एकीचा चेहरा युरोपीय संघाच्या तेव्हाच्या परराष्ट्र धोरण प्रमुख फेडेरिका मोगेरिनी यांच्या चेहऱ्यात मिसळून खराखुरा पासपोर्ट मिळवला आणि तसे जाहीर केले. जर्मनीत 1 मे 2025 पासून कागदी फोटो घेणे बंद झाले. फोटो एकतर कार्यालयातच काढायचा किंवा मान्यताप्राप्त छायाचित्रकाराने सुरक्षित मार्गाने थेट पाठवायचा. भारतात पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्या माणसांचा फोटो खिडकीवरच काढतात, ते या दृष्टीने फार चांगले आहे.

रा_ग_देशमुख

म्हणजे गेट किती हुशार आहे यापेक्षा फोटो काढताना समोर कोणी होते की नाही, हे जास्त महत्त्वाचे. मग माझा मूळ मुद्दा अगदीच चुकीचा नाही.

सीमारेषा

त्या अर्थाने नाही, हे मान्य करतो. मिसळलेला फोटो नंतर गेटवर पकडण्याच्या पद्धतींवर काम चालू आहे, पण छापून पुन्हा स्कॅन केलेल्या लहान चित्रात मिसळल्याच्या खुणा बऱ्याचशा पुसल्या जातात, आणि त्यावर अजून भरवशाचा उपाय नाही.

जुळ्यांची_आई_सिडनी

मुलांचे काय होते? माझ्या भाचीचा ब्रिटिश पासपोर्ट सहाव्या वर्षी काढलेला आहे. ती आता दहाची झाली आणि गेट वापरू शकते असे कळले.

सीमारेषा

होय, जुलै 2023 पासून तिथे दहा वर्षांची मुले मोठ्यांबरोबर गेट वापरू शकतात. मुलांच्या पासपोर्टची मुदत पाचच वर्षे असते ती याच कारणाने. तरीही सहाव्या आणि दहाव्या वर्षाच्या चेहऱ्यांत हाडांचीच वाढ झालेली असते, त्यामुळे नकार आला तर नवल मानू नये.

मेघना_लेस्टर

मंडळी, फोनवर चिप वाचली. चित्र पाहून बरेच उलगडले. खिडकीकडचा गाल उजळ आहे आणि दुसरा इतका काळोखात आहे की त्या बाजूची भुवई आणि जबड्याची कड दिसतच नाही. कान केसांआड आहेत. त्वचा अगदी गुळगुळीत दिसते, माझी तशी नाही. यजमानांचीही चिप वाचली. त्यांचे चित्र सपाट उजेडातले आणि स्वच्छ आहे.

सीमारेषा

छान तपासलेत. केवळ जवळून काढल्यामुळे आजचे यंत्र सहसा नाकारत नाही, आणि केवळ एका बाजूच्या सावलीनेही नाही. पण जवळचे अंतर, अर्धा चेहरा अंधारात आणि त्यावर फोनने पुसलेला पोत हे तिन्ही एकत्र आले की स्कोअर मर्यादेच्या आसपास रेंगाळतो. मग गेटवरचा उजेड जरा बिघडला, मान जरा झुकली की तो खाली जातो. 'बहुतेक वेळा नकार, क्वचित होकार' या तुमच्या अनुभवाशी हे जुळते. अर्थात तुमचे प्रत्यक्ष स्कोअर पाहिल्याशिवाय कोणालाही खात्रीने सांगता येणार नाही, आणि ते प्रवाशाला दाखवले जात नाहीत.

तोवर गेटवर इतके करा. केस कानांमागे घ्या, पावलांच्या खुणेवरच उभ्या राहा, पासपोर्टकडे खाली न पाहता हनुवटी सरळ ठेवा, आणि हसू नका, कारण चिपमधला चेहरा हसत नाही. शक्य असेल तर खिडकीपासून लांबचे गेट निवडा.

अश्विनी_न्यूजर्सी

मग ताईंनी नवा पासपोर्ट काढावा का? मुदत शिल्लक असताना खर्च करणे कितपत योग्य आहे?

छायाचित्रकार_कोल्हापूर

काढायचा ठरला तर ताई, पाच फुटांवरून दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या, फोनचा मागचा कॅमेरा वापरा आणि सौंदर्य वाढवणारी सोय आधी बंद करा. उजेड समोरून येऊ द्या. भिंतीपासून थोडे पुढे उभे राहिले की मागे सावली पडत नाही.

मेघना_लेस्टर

दादा, हे सगळे लिहून ठेवले आहे. मुदत संपायला अजून काही वर्षे आहेत, पण आई आजारी असल्यामुळे माझे येणेजाणे वाढणार आहे, म्हणून आम्ही नूतनीकरण आताच करायचे ठरवले. फोटो शेजारच्या बाईंकडून काढून घेणार आहे. नवी चिप आली की त्यातले चित्र आधी फोनवर पाहीन, आणि त्यानंतरच्या प्रवासात गेटने काय केले ते याच धाग्यावर लिहीन. नकार आलाच तर तो दिवसाचा की रात्रीचा आणि कोणत्या गेटवरचा, हेही लिहीन.